उलटीची गोळी देण्याआधी घरातली सगळी पाकिटं वाचा: डोमपेरिडोन आणि ऑन्डान्सेट्रॉन

मी साताऱ्यात औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. काउंटरवर रोज कुणीतरी येऊन म्हणतं, "उलटीची गोळी द्या." कोणती, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. घरी आधीची एखादी अर्धी स्ट्रिप असते, त्यातली एक आणि ही एक, अशा दोन्ही गोळ्या पोटात जातात. हा लेख फक्त प्रौढांसाठी आहे. लहान मुलांचं गणित वजनावर चालतं, ते इथे लावू नका.

आपल्याकडे मळमळ-उलटीसाठी सर्वांत जास्त दिली जाणारी औषधं दोन, डोमपेरिडोन आणि ऑन्डान्सेट्रॉन. दोन्ही चिठ्ठीवर मिळायची औषधं आहेत. दोन्हीचं काम वेगळं आहे, पण धोका एकाच जागी जाऊन मिळतो, तो म्हणजे हृदयाच्या ठोक्यांत. तिथे पोचण्याआधी तीन गोष्टी क्रमाने पाहू.

पायरी १: गोळीच्या आधी, ही उलटी घरी सांभाळायची आहे का?

उलटी हे लक्षण आहे, आणि काही वेळा ती थांबवणं म्हणजे घंटी वाजतेय तर घंटीच काढून ठेवणं. छातीत दाब, घाम, जबडा किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ यांच्यासोबत उलटी आली तर तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. मधुमेही माणसांत आणि बायकांमध्ये तर छातीत न दुखता नुसती मळमळ, घाम आणि गळाठा एवढंच दिसू शकतं. डोक्याला मार लागल्यावरची उलटी, अचानक उठलेली भयंकर डोकेदुखी, रक्ताची किंवा कॉफीच्या गाळासारखी काळपट उलटी, या सगळ्यांत गोळी शोधत बसू नका. १०८ ला फोन करा.

पोट फुगून टणक झालंय, कळा येताहेत, शौच आणि वारा दोन्ही बंद आहे, अशा वेळी आतडं अडलेलं असू शकतं. तिथे डोमपेरिडोन चालतच नाही, कारण ते जठराला ढकलायला लावतं. ऑन्डान्सेट्रॉन दिलं तर उलटी दबते आणि अडथळा लक्षात यायला उशीर होतो. आठ-दहा तास लघवी झाली नसेल, किंवा पाण्याचा घोटही टिकत नसेल, तर सलाईनची वेळ आली असं समजा.

पायरी २: मळमळ कसली आहे ते ओळखा

डोमपेरिडोन डोपामाइन नावाच्या रसायनाची जागा अडवतं. मेंदूच्या तळाशी उलटीचा इशारा देणारी एक छोटी जागा आहे. मेंदूभोवतीच्या रक्षक पडद्याच्या ती बाहेर असल्याने डोमपेरिडोन तिथे पोचतं, पण मेंदूत खोलवर फारसं शिरत नाही. दुसरं काम जठरात. जठराची हालचाल वाढते आणि अन्न पुढे सरकतं. म्हणून दोन घास खाल्ले की पोट गच्च, ढेकरा, जेवण तासन्‌तास छातीशी बसल्यासारखं वाटणं आणि त्यातून येणारी मळमळ, ही डोमपेरिडोनची जागा. ते जेवणाआधी १५ ते ३० मिनिटं घ्यायचं. पातळ अँटासिड चालू असेल तर ते त्याच वेळी नको, जेवणानंतर घ्या. जठरातलं आम्ल कमी झालं की ही गोळी रक्तात कमी शोषली जाते.

ऑन्डान्सेट्रॉन सेरोटोनिनची वाट अडवतं. दूषित अन्न, जंतू किंवा केमोथेरपीची औषधं यांमुळे आतड्याचं अस्तर चिडतं, तिथल्या पेशी सेरोटोनिन सोडतात आणि नसांमार्फत मेंदूला 'बाहेर टाक' असा निरोप जातो. ऑन्डान्सेट्रॉन तो निरोपच अडवतं. केमोथेरपी, रेडिएशन आणि शस्त्रक्रियेनंतरच्या उलट्यांसाठी ते मुळात आलं. पुढे पोट बिघडून सुरू होणाऱ्या उलट्यांतही त्याचा वापर रुळला. जठर पुढे ढकलायचं काम ते करत नाही, उलट आतडं थोडं मंद करतं. त्यामुळे बद्धकोष्ठ आणि डोकेदुखी हे त्याचे नेहमीचे त्रास. जेवणाच्या वेळेशी त्याचा संबंध नाही.

आंबा घाटातून एसटीने जाताना होणाऱ्या उलटीवर मात्र दोन्ही फारशी उपयोगाची नाहीत. ती मळमळ कानातल्या तोलाच्या यंत्रणेतून येते, आणि तिच्या गोळ्या वेगळ्या असतात, ज्या प्रवासाच्या आधी घ्याव्या लागतात. "घाटासाठी ऑन्डान्सेट्रॉन द्या" म्हणणाऱ्याला मी दरवेळी हेच सांगते.

पायरी ३: मात्रा किती, किती दिवस

डोमपेरिडोनसाठी युरोपच्या औषध नियामकाने २०१४ साली घालून दिलेली चौकट मला सर्वांत कामाची वाटते. १० मिलिग्रॅमची गोळी, दिवसातून जास्तीत जास्त तीन वेळा, म्हणजे दिवसाला ३० मिलिग्रॅमच्या वर नाही, आणि साधारण एका आठवड्याच्या वर नाही. ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं किंवा वय साठीच्या पुढे असलं की हृदयाचा धोका वाढतो, हे त्या तपासणीत दिसलं होतं. यकृताचा मध्यम किंवा गंभीर आजार असेल तर ते घ्यायचंच नाही. अमेरिकेत तर डोमपेरिडोनला मान्यताच नाही, त्यामुळे तिकडे राहणाऱ्या मुलांकडे आई-वडील गेले की "इथे ती गोळी मिळत नाही" असा फोन येतो. त्याचं कारण हेच.

ऑन्डान्सेट्रॉन पोट बिघडल्यावर डॉक्टर बहुतेकदा ४ मिलिग्रॅम देतात, कधी ८, आणि दोन गोळ्यांमध्ये साधारण ८ तासांचं अंतर ठेवायला सांगतात. साध्या पोटबिघाडात एक-दोन दिवसांत त्याचं काम संपतं. यकृताच्या गंभीर आजारात दिवसभराची कमाल मात्रा ८ मिलिग्रॅम.

नावापुढे 'एमडी' असलेली गोळी तोंडात विरघळते. हात कोरडे करा, पाकिटाचा कागद मागून सोला, गोळी दाबून बाहेर काढू नका कारण ती चुरते, आणि जिभेवर ठेवा. ती जिभेतून थेट रक्तात जाते असा समज आहे, तो खरा नाही. विरघळलेली गोळी लाळेबरोबर पोटात जाऊनच काम करते. म्हणून लगेच ग्लासभर पाणी पिऊ नका. वीस-तीस मिनिटं थांबा, मग चमच्या-चमच्याने ओआरएस सुरू करा. गोळीनंतर लगेच उलटी झाली तर स्वतःहून दुसरी देऊ नका, डॉक्टरांना विचारा.

पायरी ४: सगळी पाकिटं पलंगावर मांडा

हा लेख मी मुख्यतः या पायरीसाठी लिहितेय.

हृदयाचा प्रत्येक ठोका म्हणजे पेशींत विजेची एक लहर. ठोका संपला की पेशी पोटॅशियमचे कण बाहेर सोडून पुढच्या ठोक्यासाठी सज्ज होतात. ईसीजीवर हा ठोक्यापासून सज्ज होईपर्यंतचा वेळ मोजतात, त्याला क्यूटी म्हणतात. नाडीच्या वेगानुसार दुरुस्त केलेला आकडा म्हणजे क्यूटीसी. पुरुषांत साधारण ४५० आणि बायकांत ४६० मिलिसेकंदांपर्यंत तो चालतो. ५०० च्या पुढे गेला की डॉक्टर गप्प बसत नाहीत.

डोमपेरिडोन आणि ऑन्डान्सेट्रॉन दोन्ही पोटॅशियम बाहेर सोडणाऱ्या त्याच दाराला थोडा अडसर लावतात. सज्ज व्हायला वेळ लागतो, आणि त्या लांबलेल्या वेळेत चुकीचा ठोका पडला तर हृदयाची लय अशी बिघडू शकते की ईसीजीवरच्या लाटा पीळ घातलेल्या दोरीसारख्या दिसतात. माणूस भोवळ येऊन पडतो, आणि क्वचित हृदय थांबतं. निरोगी तरुण माणसाने एखादी गोळी घेतली तर हे घडणं फार दुर्मीळ आहे, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. पण हा धोका खरा आहे. शिरेतून द्यायचं डोमपेरिडोन १९८० च्या दशकातच याच कारणाने बंद झालं. ऑन्डान्सेट्रॉनचा शिरेतून एकदम द्यायचा ३२ मिलिग्रॅमचा डोसही अमेरिकेत २०१२ साली मागे घेतला गेला. धोका मात्रेनुसार वाढतो, आणि एकावर एक अडसर लागत गेले की आणखी वाढतो.

हे अडसर मोजायचे म्हणून पाकिटं वाचायची. समोरचं मोठ्या अक्षरांतलं नाव नको, मागची बारीक अक्षरं वाचा.

पहिलं पाहा, सकाळच्या 'गॅसच्या गोळी'कडे. आपल्याकडे ॲसिडिटीच्या कितीतरी कॅप्सूलमध्ये डोमपेरिडोन मिसळलेलं असतं. नावाच्या शेवटी 'डी' किंवा 'डीएसआर' दिसलं की मागे नक्की वाचा. 'डीएसआर' म्हणजे हळूहळू सुटणारं डोमपेरिडोन, आणि त्यात बहुतेक वेळा ३० मिलिग्रॅम असतं. म्हणजे न्याहारीआधीच्या एका कॅप्सूलमध्ये दिवसाचा पूर्ण वाटा संपला. अनेक घरांत ही कॅप्सूल महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चालू असते आणि तिला कुणी औषधच समजत नाही. उलटीची वेगळी गोळी देताना डॉक्टरांना ती सांगितलीही जात नाही. याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण चूक ना रुग्णाची असते ना डॉक्टरची, मधला दुवाच निसटलेला असतो.

दुसरं, क्यूटी लांबवणारी इतर औषधं. अझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन, ऑफ्लॉक्सॅसिन यांसारखी अँटिबायोटिक्स, चिंता-नैराश्यासाठीचं एस्सिटॅलोप्रॅम, हृदयाच्या लयीसाठीचं अमिओडॅरोन, आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन आणि बुरशीवरची काही औषधं दुहेरी त्रास देतात. ती क्यूटी लांबवतातच, शिवाय यकृतात डोमपेरिडोन मोडणारी यंत्रणाही अडवतात, त्यामुळे रक्तात त्याचं प्रमाण कित्येक पटींनी वाढतं. यांच्याबरोबर डोमपेरिडोन नकोच.

तिसरं, पोटॅशियम उडवणारी कारणं. उलट्या आणि जुलाब ही तर आहेतच. त्यात लघवी वाढवणारी ब्लडप्रेशरची गोळी, म्हणजे क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड, फ्युरोसेमाइड, यांपैकी काही असेल तर ते आणखी घसरतं. ॲसिडिटीच्या कॅप्सूल वर्षभर चालू असतील तर मॅग्नेशियमही कमी होऊ शकतं, आणि त्याचाही परिणाम ठोक्यांवर होतो.

चौथं पाकिटात नाही, माणसात पाहायचं. वय साठीच्या पुढे, हृदय कमजोर किंवा नाडी मुळातच मंद, पूर्वी भोवळ येऊन पडल्याचा इतिहास, घरात कुणाचा तरुण वयात अचानक मृत्यू. जन्मतः क्यूटी लांब असणाऱ्यांना ही दोन्ही औषधं द्यायचीच नाहीत. बायकांत क्यूटी मुळातच थोडा लांब असतो, हेही लक्षात ठेवा.

आत्याच्या घरी मोजलेले अडसर

माझी आत्या कराडला असते, वय ६७. एका लग्नाचं जेवण झालं आणि दुसऱ्या रात्रीपासून तिला पाण्यासारखे जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या. सकाळी जवळच्या डॉक्टरांनी ऑन्डान्सेट्रॉन ४ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, ऑफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडाझोलची गोळी आणि ओआरएस लिहून दिलं. ओआरएसची चव आवडली नाही म्हणून ती ग्लुकोजचं पाणी पीत राहिली. ग्लुकोजच्या पाण्यात साखर मिळते, पोटॅशियम मिळत नाही. दुपारी चारला आतेभावाचा फोन आला.

"ताई, उलट्या कमी झाल्यात, पण उमासे थांबत नाहीत. घरात डोमपेरिडोनची स्ट्रिप आहे, एक देऊ का?"

"देऊ नकोस. आधी तिची सगळी पाकिटं पलंगावर मांड आणि एकेकाचा मागचा फोटो पाठव."

फोटो आले. सकाळची कॅप्सूल डीएसआर होती, ३० मिलिग्रॅम डोमपेरिडोन, आठ महिने रोज. म्हणजे तो द्यायला निघालेलं औषध तिच्या पोटात आधीच होतं, पूर्ण मात्रेत. ऑन्डान्सेट्रॉनच्या दोन गोळ्या गेल्या होत्या. ऑफ्लॉक्सॅसिनची एक. रात्रीची गोळी एस्सिटॅलोप्रॅम १० मिलिग्रॅम, ब्लडप्रेशरच्या गोळीत क्लोरथॅलिडोन. क्यूटी लांबवणारी चार औषधं, पोटॅशियम उडवणारं पाचवं, त्यावर रात्रभराचे जुलाब. मी विचारलं, "उठताना काही होतं का?" तो म्हणाला, "डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणते." ती अंधारी अंगातलं पाणी कमी झाल्यामुळेही असू शकत होती, पण फोनवरून दोन्हीत फरक करता येत नाही.

मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या: उठवू नकोस, आणि ही यादी आत्ता डॉक्टरांना वाचून दाखव. डॉक्टरांनी ऐकताक्षणी ईसीजी आणि रक्तातलं पोटॅशियम तपासायला पाठवलं. क्यूटीसी ४९२ निघाला, पोटॅशियम २.९. साधारण ३.५ ते ५ असायला हवं. तिला रात्रभर रुग्णालयात ठेवून, मॉनिटर लावून, सलाईनमधून पोटॅशियम दिलं. डीएसआर कॅप्सूल बंद झाली. ताप नव्हता, शौचात रक्त नव्हतं, म्हणून अँटिबायोटिकही बंद केलं. क्लोरथॅलिडोन काही दिवस थांबवलं. एस्सिटॅलोप्रॅम मात्र कुणी घरच्या घरी बंद केलं नाही. ते अचानक सोडलं तर वेगळा त्रास होतो, म्हणून तो निर्णय तिच्या मानसोपचारतज्ज्ञांवर सोडला. तिसऱ्या दिवशी पोटॅशियम ४.१ होतं आणि क्यूटीसी ४४८.

आत्याला काहीही झालं नाही. पण त्या दुपारी आणखी एक १० मिलिग्रॅमची गोळी 'काय होतंय' म्हणून गेली असती, तर पाचवा अडसर नव्हे, आधीच्याच अडसराचा आणखी एक थर लागला असता, आणि उमासेही थांबले नसते.

पायरी ५: गोळी दिल्यावर काय पाहायचं

अचानक धडधड, ठोका चुकल्यासारखं वाटणं, भोवळ, क्षणभर शुद्ध हरपणं. यातलं काहीही झालं तर पुढची गोळी नाही, आणि १०८. शुद्ध हरपून पडलेला माणूस दोन मिनिटांत ताजातवाना झाला तरी 'अशक्तपणा असेल' म्हणून घरी ठेवू नका, त्याच दिवशी ईसीजी काढा.

डोमपेरिडोन दीर्घकाळ घेणाऱ्यांत आणखी एक गोष्ट दिसते. ते प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढवतं. स्तन दुखणं, दूध येणं, पाळी चुकणं असं काही बाईला जाणवलं, किंवा पुरुषाची छाती सुजली, तर डॉक्टरांना 'डी'वाल्या कॅप्सूलबद्दल आधी सांगा. नाहीतर महागड्या तपासण्या सुरू होतात आणि कारण सकाळच्या गोळीत असतं. ऑन्डान्सेट्रॉन घेणाऱ्याला एस्सिटॅलोप्रॅमसारखी किंवा ट्रॅमाडॉलसारखी औषधं चालू असतील आणि त्याला थरथर, घाम, ताप, अस्वस्थपणा सुरू झाला, तर तेही लगेच दाखवायचं. गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, यातली कोणतीही गोळी घरच्या डब्यातून नको.

केमोथेरपी चालू असलेल्यांनी माझी ही मोजणी वाचून आपल्या गोळ्या कमी करू नयेत. तिथे ऑन्डान्सेट्रॉनची मात्रा रुग्णाचा ईसीजी आणि रक्ताचे अहवाल पाहून ठरलेली असते. फक्त घरची ॲसिडिटीची कॅप्सूल 'डी'वाली आहे का, एवढं ऑन्कॉलॉजिस्टना जरूर सांगा. 'डी' शिवायची तीच कॅप्सूलही मिळते.

आत्याच्या घरी आता कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर रोजच्या औषधांची मागच्या बाजूची नावं आणि मात्रा आहेत, शेवटच्या ईसीजीची तारीख आणि क्यूटीसीचा आकडा आहे, आणि तळाशी आतेभावाने लाल पेनने लिहिलंय: 'डोमपेरिडोन नको. ऑन्डान्सेट्रॉन द्यायचं असल्यास आधी ईसीजी आणि पोटॅशियम.' दवाखान्यात जाताना तो कागदाचा फोटो दाखवतो, तोंडी काही सांगत नाही.